बारीक, तेलकट केस आणि सोलापूरचं ऊन : जेल, वॅक्स, क्ले की पोमेड?

प्रश्न : नमस्कार दादा. माझे केस सरळ आणि बारीक आहेत, दुपारपर्यंत तेलकट होतात. मागे भोवरा आहे आणि तिथं आता टाळू दिसायला लागलीय. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, रोज बाईकवर हेल्मेट घालून जातो. जेल लावलं की दुपारी पांढरा भुगा पडतो आणि पुढचे केस काड्यांसारखे सुटे उभे राहतात. एक जण म्हणतो वॅक्स घे, दुसरा क्ले, तिसरा पोमेड. रोज चमक नको, केस दाट दिसले पाहिजेत. मे महिन्यात भावाचं लग्न आहे, त्या दिवशी मात्र चकाकता भांग हवाय. नेमकं काय घेऊ आणि कसं लावू?

उत्तर :

रोजच्यासाठी पाण्यावर बनवलेली मॅट क्ले घ्या आणि लग्नासाठी वॉटर-बेस्ड पोमेडचा छोटा डबा. जेल बंद करा. पेट्रोलेटमचं, म्हणजे व्हॅसलीनसारख्या पदार्थाचं, जुन्या पद्धतीचं पोमेड तर बारीक केसांवर, तेही आपल्या मे महिन्यात, हातातच घेऊ नका.

दुकानात गेल्यावर पहिली अडचण नावांची होते. आपल्याकडे सलूनमध्ये ‘वॅक्स’ म्हणून जे रंगीत, पारदर्शक, थलथलीत काहीतरी छोट्या डबीत मिळतं, त्यात बऱ्याचदा मेण नावालाही नसतं. पाणी, सेटिअरेथ-२५, ग्लिसरीन आणि हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइलचा एखादा प्रकार एवढंच असतं, म्हणजे ते खरं तर वॉटर-बेस्ड पोमेडच झालं. उलट ‘क्ले’ लिहिलेल्या एखाद्या डब्यात माती चिमूटभर आणि बाकी सगळं पेट्रोलेटम असतं. म्हणून पुढचं मोठं नाव सोडा आणि डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे पहिली चार-पाच नावं वाचली की डब्यात काय आहे ते कळतं. पहिलं नाव ‘ॲक्वा’ किंवा ‘वॉटर’ असेल तर माल पाण्यावर बनलेला आहे. पहिलं नाव पेट्रोलेटम, मिनरल ऑइल, लॅनोलिन किंवा मेण असेल आणि पाणी कुठंच नसेल तर तो तेलावरचा. क्ले घेताना पहिल्या पाच-सहा नावांत काओलिन किंवा बेंटोनाइट दिसलं पाहिजे. ते शेवटी सुगंधाच्या आसपास असेल तर माती फक्त जाहिरातीपुरती टाकली आहे.

यादी वाचण्याचा कंटाळा असेल तर टेस्टर उघडायला सांगा. डाळीच्या दाण्याएवढं बोटावर घ्या, दोन थेंब पाणी टाका आणि दुसऱ्या बोटानं चोळा. दुधाळ होऊन विरघळलं तर पाण्यावरचं. पाण्याचे थेंब वरच्या वर घरंगळले आणि बोट तेलकटच राहिलं तर तेलावरचं. हीच परीक्षा पुढं केस धुताना तुमचे किती मग पाणी जाणार तेही सांगते, आणि पाण्याची ओढ असलेल्या आपल्या शहरात हा मुद्दा लहान नाही.

आता या चौघांतला मुख्य फरक. जेल केसावर वाळतं, बाकीची तिन्ही वाळत नाहीत. जेलमध्ये पाण्यात विरघळलेला एक पॉलिमर असतो, बहुतेक वेळा पीव्हीपी किंवा त्याचा भाऊबंद. पाणी उडून गेलं की त्याचा पातळ, कडक पापुद्रा केसांभोवती बसतो आणि शेजारशेजारचे केस एकत्र चिकटतात. हा पापुद्रा अखंड आहे तोवर पकड पक्की आणि चमक ओल्या केसांची. वॅक्स, क्ले आणि पोमेड हे मऊच राहतात. त्यांची पकड चिकटपणावर आणि घर्षणावर चालते, म्हणून केस विस्कटले तरी हातानं पुन्हा बसवता येतात. वॅक्समध्ये मेण जास्त, म्हणून पकड चिवट आणि चमक मध्यम. पोमेडमध्ये तेलकट किंवा ग्लिसरीनचा भाग जास्त, म्हणून केस घसरतात, कंगवा सहज फिरतो आणि चमक भरपूर. क्लेमध्ये माती असते. ती टाळूचं तेल शोषते, केसाचा पृष्ठभाग खरखरीत करते आणि उजेड परतवू देत नाही, म्हणून केस मॅट दिसतात. दाटपणाही तिथूनच येतो : गुळगुळीत केस एकमेकांवर घसरून टाळूला चिकटून बसतात, खरखरीत झालेले केस एकमेकांना टेकून जरा उभे राहतात.

तुमचा भुगा का पडतो ते यावरून कळलं असेल. सकाळी जेल लावून ते वाळलं, वर हेल्मेट चढवलं. दाबानं आणि घासण्यानं पापुद्रा मोडला. कारखान्यात पोचून कंगवा फिरवलात की मोडलेला पापुद्रा सुटून खांद्यावर आला. शिवाय बारीक केस जेलनं आठ-दहाच्या झुपक्यांत चिकटतात आणि दोन झुपक्यांमधली टाळू उघडी पडते. केस आहेत तेवढेच राहतात, पण निम्मेच दिसतात. भोवऱ्यापाशी जे विरळ वाटतंय त्यातला काही भाग या चिकटण्याचाच असणार. जेल आठवडाभर बंद ठेवा, केस धुऊन कोरडे करा आणि त्याच आरशात, त्याच दिव्याखाली भोवरा पाहा. तरीही टाळू रुंद दिसली, किंवा महिन्या-महिन्यानं काढलेल्या फोटोंत वाढताना दिसली, तर ते त्वचारोगतज्ज्ञांचं काम आहे. कुठल्याच डब्यानं ते थांबणार नाही.

तो भुगा जेलचाच आहे की कोंडा, याची एकदा खात्री करून घ्या. पडलेला कण तळहातावर घ्या, ओल्या बोटानं चोळा. जेलचा असेल तर बुळबुळीत होऊन विरघळतो, कोंडा ओला होतो पण कण तसाच राहतो. कोंडा निघाला तर आधी त्याचा शाम्पू सुरू करा, कारण मॅट क्लेखाली कोंडा अधिकच उठून दिसतो.

विकत घेण्याआधी केस खरंच बारीक आहेत ना, हेही पाहून घ्या. पुष्कळ जण विरळ केसांना बारीक म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची गरज वेगळी. कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. केस आहे की नाही तेच समजत नसेल तर तो बारीक. शिलाईचा दोरा धरल्याची जाणीव स्पष्ट होत असेल तर राठ. केस राठ पण विरळ असतील तर थोडं जास्त वजनाचं वॅक्सही चालतं. बारीक केसाला मात्र वजन पेलवत नाही, मग ते कितीही दाट असोत. डब्यावर ‘एक्स्ट्रा स्ट्राँग’ लिहिलेलं दिसलं की बारीक केसवाले हमखास तेच उचलतात, आणि तिथंच फसतात. जास्त पकडीच्या मालात मेण जास्त असतं, मेणाचं वजन केस खाली ओढतं, आणि अकरा वाजेपर्यंत सगळं बसून जातं. तुम्हाला मध्यम पकड पुरे आहे. उभारी ड्रायरनं आणायची, क्लेनं ती फक्त टिकवायची.

त्यासाठी सकाळचा क्रम असा ठेवा.

अंघोळीनंतर केस टॉवेलनं टिपून घ्या, रगडू नका. पाणी गळायचं थांबलं पण केस ओलसर आहेत, या वेळी ड्रायर धरायचा, कारण केसाला नवी दिशा ओला असतानाच देता येते. ओलाव्यानं केसातले बारीक बंध सैल होतात आणि सुकताना ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत पुन्हा जुळतात. पूर्ण कोरड्या केसावर ड्रायर मारून नुसती उष्णता लागते, बाकी काही नाही. ड्रायर मध्यम उष्णतेवर, डोक्यापासून वीतभर अंतरावर. केस ज्या बाजूला बसवायचे त्याच्या उलट दिशेनं बोटांनी मुळातून उचलत सुकवा. भोवऱ्यापाशी बोटांनी आधी डावीकडं, मग उजवीकडं, पुन्हा डावीकडं असं घासत सुकवलं की तिथल्या केसांची गोल फिरण्याची खोड बरीच कमी होते. शेवटचं अर्धं मिनिट थंड हवा. घरात ड्रायर नसेल तर पंख्याखाली उभं राहून हेच बोटांनी करा, वेळ जरा जास्त लागेल. ओल्या केसांवर हेल्मेट मात्र घालू नका, नाहीतर केस हेल्मेटच्या आकारात सुकतील आणि मग कुठलीच क्ले ते उठवू शकणार नाही.

क्ले घरी लावू नका. केस सुकवून, वर सुती रुमाल बांधून हेल्मेट घाला आणि क्ले कारखान्यात पोचल्यावर लावा. लहान डबीत आठवड्याची क्ले काढून बॅगेत ठेवलीत की झालं. पोचल्यावर आधी बोटं मुळांत घालून केस उलटे झटका, दबलेले केस सुटे होतात. घामानं मुळं ओली असतील तर पाच मिनिटं थांबा, कारण ओल्या केसात क्ले पातळ होते आणि तिची पकड निम्मी होते.

आता प्रमाण. तीन इंचांपर्यंतच्या बारीक केसांना एका हरभऱ्याएवढी क्ले पुरते, तीही दोन खेपांत. नखाच्या पाठीनं अर्धा हरभरा खरवडून घ्या, तळहातांवर पसरा आणि दोन्ही हात दहा-पंधरा सेकंद जोरात चोळा. हातावर गोळा किंवा पांढरी रेघ दिसत असेल तर अजून चोळा. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत क्ले घट्ट होते, तेव्हा दुप्पट वेळ लागतो. आता हात डोक्यावर ठेवायचे ते मागून, भोवऱ्याच्या थोडं पुढं. पहिल्या स्पर्शाला हातावर सगळ्यात जास्त माल असतो आणि तो पुढच्या केसांवर पडला तर कपाळावरचे केस लगेच जड होऊन चिकटतात. प्रत्यक्ष भोवऱ्याच्या मधोमध क्ले थापू नका. शेजारचे केस मुळातून उचलून त्याच्यावर आणा. मग बाजू, आणि हातावर जे उरलं असेल ते पुढच्या टोकांना. कंगवा नको, बोटंच वापरा, कारण कंगवा केसांच्या सरळ रांगा पाडतो आणि रांगांमधून टाळू दिसते. एवढं झाल्यावर आरशात पाहा, कमी वाटलं तरच उरलेला अर्धा हरभरा घ्या.

जास्त झालं की नाही हे ओळखायला कोरडा तळहात केसांवर हलकेच दाबून उचला. हात चिकटून ओढला गेला तर माल जास्त आहे. तुमच्या कामात ही खूण महत्त्वाची आहे. टेरी टॉवेलच्या चेकिंगला हवेत कापसाचे बारीक तंतू सतत उडत असतात आणि ते चिकट पृष्ठभागावर बसतात. मेणाच्या वॅक्सनं किंवा पोमेडनं काळ्या केसांवर दोन तासांत पांढरी लव धरते. योग्य प्रमाणात लावलेली क्ले वरून जवळजवळ कोरडी राहते, म्हणून तंतू कमी बसतात आणि जे बसतात ते रुमालानं झटकून निघतात. तंतू सगळ्यात कमी धरतं ते खरं तर वाळलेलं जेल, पण हेल्मेट आणि बारीक केस यांमुळे ते तुमच्या कामाचं नाही. लूमच्या अगदी जवळ उभं राहायची वेळ आली तर डोक्याला रुमाल बांधा.

दुपारी केस बसले तर वर आणखी क्ले लावू नका. हात पाण्यानं नुसते दमट करा, झटका आणि मुळांत बोटं फिरवा. सकाळची क्ले पुन्हा मऊ होऊन पकडते. पुन्हापुन्हा थर दिले की संध्याकाळपर्यंत केसांचा चिखल होतो.

एक गोष्ट घरच्यांना पटवावी लागेल. सकाळी अंघोळीनंतर डोक्याला खोबरेल तेल लावायची सवय असेल तर क्ले चालणार नाही. माती टाळूचं थोडंसं तेल शोषण्यासाठी असते, तिला चमचाभर खोबरेल दिलं की ती तिथंच भरून जाते आणि मॅट राहण्याऐवजी केस मळकट, चिकट दिसतात. तेलावर जेल लावलं तरी तीच गत, पापुद्रा केसाला धरतच नाही आणि भुगा आणखी लवकर पडतो. तेल लावायचंच तर ज्या दिवशी शाम्पू करणार त्याच्या आदल्या रात्री लावा. आईचंही समाधान आणि केसांचंही.

केसांना सीरम किंवा लीव्ह-इन क्रीम लावत असाल तर ते आणि नवा माल आधी तळहातावर एकत्र चोळून पाहा. दही फाटावं तशा गुठळ्या झाल्या तर हे दोन एकत्र वापरू नका, डोक्यावरही तेच होणार. जेलच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण जेल घट्ट करणारा कार्बोमर क्षारानं आणि काही कंडिशनिंग घटकांनी फाटतो. घामातलं मीठही त्याला पुरतं.

धुण्याचं सांगायचं तर पाण्यावरची क्ले एका शाम्पूत निघते, फक्त शाम्पू थेट डोक्यावर ओतण्याऐवजी मगात थोड्या पाण्यात कालवून घ्या आणि बोटांची पेरं मुळांत फिरवा. एक दिवसाआड शाम्पू पुरे. मधल्या दिवशी टाळूचं तेल आधीच असतं म्हणून क्ले निम्मी घ्या. बोअरच्या पाण्यानं अंघोळ करत असाल तर केसांना साबण लावू नका. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि माणूस समजतो की क्ले निघाली नाही. केस धुऊन वाळल्यावरही मेणचट लागत असतील तर आधी हेच कारण तपासा. शाम्पूत ही भानगड होत नाही.

चुकून तेलावरचं पोमेड किंवा वॅक्स लावून बसलात तर मात्र नुसता शाम्पू तीनदा करूनही ते निघत नाही, पाणी तेवढं वाया जातं. कोरड्या केसांवर थोडं खोबरेल किंवा भरपूर कंडिशनर चोळा, दोन-तीन मिनिटांत पेट्रोलेटम सैल होतं. मग पाणी न घालता त्यावरच शाम्पू चोळा आणि शेवटी पाणी ओता. पाणी आधी घातलंत तर तेल पुन्हा केसाला धरून बसतं.

पेट्रोलेटमला मेमध्ये नाही का म्हणालो, तेही सांगतो. ते साधारण ३८ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, प्रतीनुसार, वितळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तोही सावलीतला. उन्हात उभ्या केलेल्या बाईकवरचं हेल्मेट आणि त्याखालचे काळे केस त्याहून तापतात. मेण कमी आणि पेट्रोलेटम जास्त असलेलं पोमेड अशा वेळी पातळ होऊन कपाळावर उतरतं, घामाबरोबर डोळ्यांत जाऊन डोळे चुरचुरतात. केसांच्या कडेला कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात त्यामागंही अनेकदा हेच असतं. कुठलाही माल लावताना केसांच्या कडेपासून बोटभर जागा सोडा.

आता लग्न. चकाकता भांग हवा म्हणजे वॉटर-बेस्ड पोमेड, आणि बारीक केसांसाठी त्यातलंही मध्यम पकडीचं. बारीक केसांवर चमक म्हणजे टाळू दिसण्याचा धोका असतोच, म्हणून चमक फक्त वरच्या थराला द्यायची आणि मुळं कोरडी ठेवायची. आदल्या रात्री तेल नाही. सकाळी शाम्पू, कंडिशनर फक्त टोकांना. भांग केस ओले असतानाच पाडा : भोवरा ज्या बाजूला केस फिरवतो त्याच बाजूला केस जाऊ द्या, उलट बाजूला ओढलेला भांग दोन तासांत उघडतो. ड्रायरनं मुळं उचलून केस जवळजवळ पूर्ण सुकवा, टोकांशी किंचित ओलावा राहू द्या. त्या ओलाव्यात पोमेड सरकतं आणि चमक येते. पूर्ण कोरड्यावर लावलं तर पकड वाढते पण चमक घटते आणि ठिपके पडतात. एका हरभऱ्याएवढं पोमेड तळहातावर पूर्ण पसरून ते केसांच्या वरवर, मुळांना न लावता फिरवा, मग बारीक दातांच्या कंगव्यानं एकदाच, कंगवा जवळजवळ आडवा धरून. दातांची टोकं टाळूपर्यंत गेली की तिथं पांढऱ्या रेघा दिसतात. भोवऱ्यावर पोमेड नको, तिथं सकाळची क्ले चिमूटभर लावा आणि शेजारचे चकाकते केस त्यावरून जाऊ द्या. फोटोत हा फरक दिसत नाही, टाळू मात्र झाकते.

लग्नात दोन गोष्टी केसांची वाट लावतात, फेटा आणि अक्षता. वरातीत फेटा बांधणार असाल तर त्याआधी पोमेड लावू नका. फेट्याखाली नुसते सुकवलेले केस ठेवा, फेटा उतरल्यावर ओल्या कंगव्यानं केस उचला आणि तेव्हा पोमेड लावा. भाड्याच्या फेट्याला डाग पडला तर तो वाद वेगळाच. अक्षता पोमेडला चिकटतात आणि हळद-कुंकवाचा रंग चिकट केसांतून टाळूवर उतरतो. शेवटचं मंगलाष्टक झालं की डोकं खाली घालून बोटांनी अक्षता झटका, कंगवा नको. तांदूळ कंगव्यात अडकून केस ओढतो. वॉटर-बेस्ड पोमेडचा फायदा इथं कळतो : विस्कटलेला भांग नुसत्या ओल्या कंगव्यानं पुन्हा बसतो, चमकही परत येते. रिसेप्शनपर्यंत दुसरा हात लावायची गरज पडत नाही. हे सगळं लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आदल्या दोन रविवारी करून पाहा, दुपारी दोन वाजता उन्हात अर्धा तास उभे राहून.

तुमच्या मित्रांपैकी कुणी हेच वाचून क्ले घ्यायला निघाला असेल तर त्याला थांबवा, आधी त्याचे केस पाहा. राठ, सरळ, उभे राहणारे केस असतील, तर ते खाली बसवायला मेणाचं चिवट वॅक्स किंवा जास्त पकडीचं वॉटर-बेस्ड पोमेड लागतं, क्लेनं ते आणखी फुलतात. कुरळ्या केसांना तर क्ले लावूच नये, ते कोरडे आणि पिंजारलेले दिसतात. कुरळ्यांना जेलच बरं, पण पाणी निथळत असतानाच लावायचं, सुकेपर्यंत हात लावायचा नाही, आणि पूर्ण कडक झाल्यावर मुठीत हलकेच दाबून पापुद्रा मोडायचा. तिथं मोडणं अपेक्षित असतं, आणि जेल कमी लावलेलं असेल तर भुगाही पडत नाही.

डबा लहानच घ्या. दिवसाला अर्धा ग्रॅमही लागत नसेल तर शंभर ग्रॅमचा डबा सहा महिन्यांहून जास्त पुरतो, आणि पाण्यावरचा माल ओल्या बोटांनी रोज उघडत राहिलं तर तोवर खराब होतो. डब्याच्या मागं उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो, तो उघडल्यानंतरचा काळ आहे. आणि डबी बाईकच्या डिकीत ठेवू नका. मेमध्ये एका दुपारीत वर तेल तरंगायला लागतं. एकदा फुटलेली क्ले ढवळून पुन्हा एक झाली तरी तिच्यात गुठळ्या राहतात आणि केसांवर सारखी पसरत नाही, मग ती टाकून देणंच बरं.